बापाच्या पायावर मुलाची सही चालते का?

"नाय कापायचा." तात्या एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवून पडले.

वय ६६, साखर वीस वर्षांपासून, डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, पाऊल सुजलेलं आणि दारातूनच वास येणारा. घोट्याजवळ नाडी लागत नव्हती, गुडघ्यामागे मात्र लागत होती. हे ओलं गँगरीन. सुक्या गँगरीनमध्ये बोट वाळून काळं होतं, तिथे थांबायला वेळ असतो, कधीकधी बोट आपोआप गळूनही पडतं. ओल्यात पू असतो, जंतू स्नायूंच्या पदरांतून वर सरकतात आणि रक्तात उतरले की माणूस दोन-तीन दिवसांतही जातो. आमचा सल्ला स्पष्ट होता: गुडघ्याखालून पाय काढायचा, आणि तोही लवकर.

तात्यांनी नकार दिला. बाहेर त्यांचा मुलगा पेन काढून उभा होता. "डॉक्टरसाहेब, त्यांचं काय ऐकताय? कुठं सही करू सांगा."

हा प्रसंग कुठल्याही वॉर्डात आठवड्यातून एकदा तरी घडतो. ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील मी बदललेत. पण संमती म्हणजे नेमकं काय, हे तात्यांच्या केसमधून जितकं नीट कळतं तितकं संमतीपत्राचा छापील कागद वाचून कळत नाही.

संमती आणि सही या दोन वेगळ्या गोष्टी

ऑपरेशनच्या आधी जो कागद पुढे येतो, त्याला बहुतेक लोक 'जबाबदारीची सही' समजतात. म्हणजे काही झालं तर डॉक्टर मोकळे. खरं तर तो कागद पुरावा आहे, झालेल्या बोलण्याचा. बोलणंच झालं नसेल, तर कागद कशाचा पुरावा देणार? सोनाराची पावती हातात आहे म्हणून दागिना घरात आहे असं होत नाही.

बोलण्यात काय असायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सांगितलं. उपचार काय आणि कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारी प्रत्येक गुंतागुंत वाचून दाखवायची गरज नाही, असंही न्यायालय म्हणालं. एवढं समजून, कुणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या शुद्धीत दिलेला होकार म्हणजे माहितीपूर्ण संमती. आणि जिथे होकाराला किंमत आहे तिथे नकारालाही तेवढीच किंमत द्यावी लागते. 'हो' एवढंच उत्तर चालणार असेल, तर तो प्रश्न नव्हताच.

आता माझी चूक सांगतो. सकाळच्या राउंडला आम्ही सहा-सात जण तात्यांच्या खाटेभोवती उभे राहिलो. आमच्यातल्या एकाने "पाय काढावा लागेल, नाहीतर जिवाला धोका आहे" असं सांगितलं, तेही निम्मं मुलाकडे बघत. तात्या "नाय" म्हणाले. मी केसपेपरवर 'रुग्णाचा नकार' असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेलो. अख्खा व्यवहार दीड मिनिटाचा. न्यायालयाने सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी दीडच गोष्ट तात्यांच्या कानावर पडली होती. तो नकार खरा होता की नुसती भीती होती, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तात्यांनी काय नाकारलं हे ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

दुपारी स्टूल ओढून बसलो तेव्हा

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर परत गेलो. तात्यांची बायको पायथ्याशी बसली होती. मी विचारलं, "तात्या, पाय काढायचा नाही म्हणालात. कशामुळं?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी अंगठा काढला, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. "आणि तरी सहा महिन्यांत गेला. खाटेवर गेला. मला एक सांगा, एकदा कापल्यावर परत वर चढणार नाही याची लिहून खात्री देता?"

खात्री नव्हती, तसं सांगितलं. गुडघ्यामागे नाडी लागते आहे, म्हणून त्या पातळीवर जखम भरून यायची शक्यता चांगली, पण काहींचं दुसरं ऑपरेशन करावं लागतं. गुडघा वाचला तर कृत्रिम पाय लावून चालता येतं, गुडघ्यावरून काढला तर ते फार अवघड होतं. भाऊ नुसता पायामुळे गेला नसेल, इतकी वर्षं साखर असलेल्यांच्या हृदयाच्या नळ्याही खराब झालेल्या असतात. असा पाय काढलेल्या मधुमेही रुग्णांपैकी साधारण निम्मे पाच वर्षांच्या आत जातात, बरेचसे हृदयविकाराने. हा आकडा सांगताना जीभ अडखळली, कारण तो माझ्या सल्ल्याच्या विरोधात जाणारा वाटत होता. पण तो लपवून मिळवलेला होकार मला घ्यायचा नव्हता.

मग पाय न काढण्याचा पर्याय सांगितला. दोन काळी बोटं काढायची, पावलातला पू जिथे जिथे असेल तिथे चिरून वाट करून द्यायची, शिरेतून अँटिबायोटिक, इन्सुलिन, आणि ताप उतरल्यावर पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून एखादी नळी फुग्याने उघडता येते का बघायचं. यात पाय वाचू शकतो. यात जंतू रक्तात जाऊन माणूस जाण्याचा धोकाही बराच जास्त आहे.

"आता तुम्हीच मला सांगा, मी काय बोललो?" हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवा, आणि तो परीक्षेसारखा वाटू नये. मी म्हणतो, मला नीट सांगता आलं का ते बघायचंय. तात्यांनी आपल्या भाषेत सांगितलं: कापला तर बहुतेक वाचेन, पण परत कापावा लागणार नाही याचा भरवसा नाही. नाही कापला तर विष अंगात भिनून मरू शकतो, या आठवड्यात पण. "बोटं काढा. पू काढा, कितीदा पण काढा. पाय नको."

सकाळचं 'नाय' आणि दुपारचं 'पाय नको' ऐकायला सारखंच. पण दुसरं मला केसपेपरवर लिहिता आलं, कारणासकट, त्यांच्या शब्दांत, वेळ टाकून, बायकोची साक्षीची सही घेऊन. त्यांनी काय नाकारलं याच्यापेक्षा त्यांनी काय स्वीकारलं, हे पुढे जास्त कामाला आलं.

पण असा निर्णय घेणारा माणूस भानावर आहे असं कसं म्हणायचं?

ही पहिली शंका, आणि ती रास्त आहे. तापाने फणफणलेल्या, साखर वरखाली होणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर असेलच असं नाही. म्हणून दुपारी बोलायच्या आधी साखर तपासली होती, कारण साखर फार उतरली तरी माणूस असंबद्ध बोलतो. आदल्या रात्री गुंगीचं इंजेक्शन दिलं नव्हतं, हे सिस्टरना विचारून घेतलं. मग वार उलटे म्हणायला लावले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... तात्या न अडखळता रविवारपर्यंत आले. लक्ष टिकत नसलेला माणूस दोन-तीन वारांनंतर हरवतो.

पण खरी कसोटी निर्णयक्षमतेची: सांगितलेलं समजतंय का, परिणाम उमगतोय का, आणि काय हवं ते सांगता येतंय का. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या चौथ्या कलमात हीच मोजपट्टी आहे. तो कायदा मानसिक उपचारांपुरता असला, तरी खाटेशेजारी ती सगळीकडे उपयोगी पडते. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे: निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्या माणसाला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. आपण नेमकं उलटं करतो. रुग्ण हो म्हणाला की त्याला सगळं समजलं, आणि नाही म्हणाला की त्याला काही कळत नाही.

शिवाय ही क्षमता त्या त्या निर्णयापुरती असते. सातबारा वाचता न येणाऱ्या माणसालाही कुठलं रान विकायचं नाही ते पक्कं कळतं.

याचं टोकाचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १९९३ साली ब्रॉडमूर या सुरक्षित मनोरुग्णालयातल्या ६८ वर्षांच्या रुग्णाचं पाऊल सडलं होतं. त्याला स्किझोफ्रेनिया होता आणि आपण जगप्रसिद्ध डॉक्टर आहोत असा त्याचा भ्रम होता. पाय काढला नाही तर वाचायची शक्यता १५ टक्के, असं सर्जनचं मत. तो नाही म्हणाला. न्यायालयाने त्याला तपासलं ते 'वेडा आहे का' या प्रश्नाने नव्हे. पायाबद्दल सांगितलेलं त्याला समजतं का, ते त्याला पटतं का, आणि ते तोलून-मापून तो निर्णय घेतो का, हे पाहिलं. उत्तर हो आलं. त्याच्या लेखी परवानगीशिवाय पाय कापायला न्यायालयाने मनाई केली. सडलेला भाग साफ करण्यावर भागवलं गेलं आणि तो माणूस जगला. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण 'सी' नावाने ओळखली जाणारी ही केस जगभर शिकवली जाते. मला त्यातला १५ टक्क्यांचा आकडा सारखा आठवतो. सर्जनने खोटं सांगितलं नव्हतं. १५ टक्के म्हणजे शून्य नव्हे, एवढंच.

मग मुलाची सही कशाला घेतात?

समीरा कोहली खटल्यात झालं ते असं. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित स्त्री, रक्तस्रावाची तक्रार. १९९५च्या मे महिन्यात दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी तिने संमती दिली. ती भुलीत असताना डॉक्टरांना आत आजार दिसला. सहकारी बाहेर आल्या, बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, हे न्यायालयानेही मान्य केलं. पण रुग्ण सज्ञान होती, काही तासांत शुद्धीवर येणार होती, आणि जीव वाचवण्यासाठी त्याच क्षणी ते करणं भाग नव्हतं. तेव्हा आईच्या संमतीला अर्थ नाही, असा निकाल लागला. २५,००० रुपये भरपाई मिळाली आणि डॉक्टरांना ऑपरेशनचं बिलही घेता आलं नाही. गाडी ब्रेक दाखवायला दिली, मेकॅनिकने इंजिनच उतरवून ठेवलं आणि म्हणाला, तुमच्या आईला विचारलं होतं, तसाच प्रकार.

बापाच्या नावावरची जमीन मुलाच्या अंगठ्यावर विकता येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाय तर जमिनीपेक्षाही जवळचा. तरीही सज्ञान, शुद्धीत असलेल्या माणसाला बाजूला ठेवून आम्ही नातेवाइकांच्या सह्या घेतो, कारण भांडायला येतात ते नातेवाईक. हे मी माझ्या धंद्याबद्दल बोलतोय. नातेवाइकांना सांगणं, त्यांचं ऐकणं, त्यांना साक्षीला घेणं सगळं योग्य. पण साक्षीदाराची जागा कागदाच्या खालच्या कोपऱ्यात असते.

मी मुलाला तसं सांगितलं. तो चिडला. "म्हणजे त्यांना मरू द्यायचं? ही आत्महत्याच झाली की!" आत्महत्या करणाऱ्याला मरायचं असतं. तात्यांना जगायचं होतं, त्यासाठी ते दोन बोटं द्यायला आणि हव्या तेवढ्या चिरा सोसायला तयार होते. त्यांना फक्त भावासारखं जगायचं नव्हतं. जाणत्या, सज्ञान माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे, मग परिणाम मृत्यू का असेना, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ साली कॉमन कॉज खटल्यात मान्य केलं आहे.

तिसरी रात्र: आता तर ते बेशुद्ध आहेत

बोटं काढली, पू काढला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री दीड वाजता फोन आला. ताप १०३, नाडी जलद, तात्या चादर चिवडत होते आणि बायकोला आईच्या नावाने हाका मारत होते. वार विचारले तर नुसते बघत राहिले. जंतू वर सरकल्याची ही लक्षणं, आणि या बरळण्याला आम्ही डिलिरिअम म्हणतो.

मुलगा आला. "आता त्यांना काही कळत नाही. आता तरी माझी सही चालेल ना?"

इथे भलेभले गोंधळतात, मीही गोंधळलो. आणीबाणीत संमतीशिवाय उपचार करता येतो, हे खरंच आहे. भारतीय न्याय संहितेचं ३०वं कलम, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ९२वं, नेमकं त्यासाठी आहे. रस्त्यावरून आणलेल्या बेशुद्ध माणसाची सही कोण शोधत बसेल? पण त्या सवलतीचा आधार असा, की माणसाचं मत कळायला मार्ग नाही. इथे मत कळलेलं होतं. साठ तासांपूर्वी, शुद्धीत, नेमक्या याच संकटाबद्दल. 'विष भिनून मरू शकतो, या आठवड्यात पण' हे त्यांचंच वाक्य माझ्या हस्ताक्षरात समोर होतं. शुद्ध हरपली की नकार पुसला जात असेल, तर डॉक्टरने फक्त वाट बघायची, रुग्ण बरळायला लागेपर्यंत.

भूलतज्ज्ञ माझ्याशी सहमत नव्हते. मरण लांब असताना बोलणं वेगळं, दारात आल्यावर माणूस बदलतो, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही. पण बदललेलं मत त्या माणसाने सांगायला हवं, आपण त्याच्या वतीने कल्पून चालत नाही. सकाळचा दीड मिनिटाचा नकारच फक्त हाताशी असता, तर मी भूलतज्ज्ञांचं ऐकलं असतं आणि पाय काढला असता, आणि ते बरोबरही ठरलं असतं. दुपारचं स्टूल इथे कामी आलं.

मग आम्ही तात्यांनी होकार दिलेलं सगळं केलं. घोट्याभोवती भूल देऊन तळवा उभा चिरला, स्नायूंच्या पदराखाली साचलेला पू निघाला. अँटिबायोटिक बदललं. मुलगा बाहेर भिंतीला टेकून रडत होता. तात्या त्या रात्री गेले असते तर त्याने मला माफ केलं नसतं, हे मला चिरा घेतानाही माहीत होतं.

दोन दिवसांनी ताप उतरला.

तात्या वाचले म्हणून माझा निर्णय बरोबर होता असं कुणी समजू नये. ते गेले असते तरी नकार तेवढाच वैध राहिला असता, आणि त्यांच्या जागी उद्या दुसरं कुणी आलं तर मी पुन्हा पाय काढायचाच सल्ला देईन.

सही करून घरी न्या, असं का नाही सांगितलं?

वॉर्डातल्या भाषेत याला डामा म्हणतात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. अनेक ठिकाणी रुग्णाने एक उपचार नाकारला की लगेच 'मग डामा घ्या' असं ऐकू येतं. सुचवलेलं नको असेल तर काहीच मिळणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. हे धमकावून घेतलेल्या होकाराच्या फार जवळ जातं. पहिल्या क्रमांकाचा उपचार नाकारला, तर दुसऱ्या क्रमांकाचा द्यायचा असतो. तो देणं त्या रुग्णालयाला जमणार नसेल, तर जिथे जमेल तिथे चिठ्ठी देऊन पाठवायचं.

आणि डामाच्या छापील कागदावरची सही डॉक्टरला वाटते तितकी भक्कम ढाल नाही. केरळ उच्च न्यायालयासमोर १९८७ साली एक प्रकरण आलं होतं. अपेंडिक्स फुटून रुग्ण दगावला, सर्जन म्हणाले की ऑपरेशनला रुग्णानेच नकार दिला होता. न्यायालयाने सांगितलं, नकार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरची. ते सिद्ध झालं नाही आणि निष्काळजीपणा ठरला. म्हणून नकाराची नोंद होकारापेक्षा जास्त तपशिलाची हवी: काय सांगितलं, कुठल्या भाषेत, रुग्णाने ते स्वतःच्या शब्दांत कसं परत सांगितलं, कारण काय दिलं, शुद्ध कशी तपासली, साक्षीला कोण होतं, आणि कोणतं लक्षण दिसलं तर ताबडतोब परत यायचं.

नातेवाईक म्हणून तुम्हीही एवढं करू शकता: डॉक्टर बोलत असताना रुग्णाला उठवून बसवा, कानाचं यंत्र लावा, चष्मा द्या. आणि "त्यांना सांगू नका, घाबरतील" हे वाक्य तेवढं गिळा.

नकार एकदा दिला की कायमचा का?

नाही. होकार जसा ऑपरेशन थिएटरच्या दारातूनही मागे घेता येतो, तसा नकारही कधीही मागे घेता येतो. म्हणून विचारत राहायचं, टोचत नव्हे, पण विचारायचं.

तात्या तीन आठवड्यांनी घरी गेले. मोठ्या गावात पायाची एक रक्तवाहिनी फुग्याने उघडून घेतली. नंतर दर सोमवारी आणि गुरुवारी ड्रेसिंगला यायचे, टाचेकडून कापलेली रबरी चप्पल घालून, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. जखम भरत होती, पण संथ, आणि तळव्याचा एक कोपरा मला आवडत नव्हता. दर सोमवारी मी तो दाखवायचो, धोका सांगायचो आणि विचारायचो, "तात्या, पायाचं काय ठरवलंय?" ते म्हणायचे, "तेच."

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी गर्दी होती. पट्टी बांधली, गोळ्या लिहिल्या, पुढच्या रुग्णाला हाक मारली. तात्या उठले नाहीत.

"डॉक्टर, आज विचारलं नाही तुम्ही."